झोप का येत नाही?

सातव्या महिन्यात रात्री तीनदा उठणं, दम लागणं, जेवण नकोसं होणं हे सगळ्याच जणींना होतं. म्हणून गरोदर बाईचं मन खचलंय हे घरच्यांच्या लक्षात येत नाही, आणि बऱ्याचदा तिच्याही. ‘या दिवसांत असं व्हायचंच’ एवढं म्हणून विषय संपतो.

फरक कळतो तो तक्रारीच्या कारणात. समजा, एकजण लघवीला उठते, परत आडवी होते आणि झोपते. दुसरी परत आडवी होते, पण पहाटेपर्यंत तिचा डोळा लागत नाही. बाळाला काही झालं तर, मला जमलं नाही तर, हेच घोळत राहतं. सोनोग्राफी चांगली आली की पहिली निश्चिंत होते. दुसरीचा धीर दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंतच टिकतो, आणि घरी आल्यावर ती पुन्हा पोटावर हात ठेवून बाळाची हालचाल तपासत बसते. घरात डोहाळजेवणाची तयारी चाललेली असते आणि तिला त्यातलं काहीच नको असतं. भूक असून उलटी होणं वेगळं, खावंसंच न वाटणं वेगळं.

हीच अडचण ओळखून 1987 मध्ये एडिंबरा प्रश्नावली तयार झाली. ती बाळंतिणींसाठी होती, पण आता गरोदरपणातही वापरतात. गेल्या सात दिवसांबद्दलचे दहा प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. थकवा आणि भूक यांबद्दल तिच्यात एकही प्रश्न नाही. झोपेचा एक आहे, पण तोही मन दुःखी असल्यामुळे झोप लागत नाही का, असा. आपल्या दुसऱ्या बाईचे, समजा, सोळा गुण झाले. साधारण तेराच्या पुढे सविस्तर तपासणी करतात. नुसत्या गुणांवर निदान होत नाही. रक्तक्षय आणि थायरॉइडही तपासून घ्यावं लागतं, कारण तिथेही माणूस असंच मलूल दिसतं.

त्रास दोन आठवडे रोज टिकला, तर दुर्लक्ष परवडत नाही. अशी बाई तपासणीच्या तारखा चुकवते, लोहाच्या गोळ्या तशाच राहतात, आणि बाळंतपणानंतरच्या नैराश्याची सुरुवात पुष्कळदा इथेच झालेली असते.

सौम्य त्रासाला समुपदेशन पुरतं. मनाच्या आजाराची औषधं आधीपासून चालू असतील, तर दिवस राहिल्याचं कळताच ती आपल्या मनाने बंद करू नयेत. आजार उलटण्याचा धोका असतो. काही गोळ्या बाळासाठी खरोखर घातक असतात, काही पुष्कळ सुरक्षित. ती निवड डॉक्टरांनी करायची.

प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या विचारांचा आहे. त्याला ‘कधीच नाही’ सोडून दुसरं कोणतंही उत्तर आलं, तर बेरीज कितीही असो, त्याच दिवशी डॉक्टरांशी बोलायचं, तिला एकटं ठेवायचं नाही. टेलिमानसचा 14416 हा सरकारी क्रमांक रात्रीही चालू असतो.