‘सोयीस्कर’ म्हणजे किती वाजेपर्यंत?

बस-आरक्षणाच्या जाडजूड मागणीपत्रात एक वाक्य असतं: ‘तिकीट रद्द करण्याची सोयीस्कर सुविधा असावी.’ यावरून प्रोग्रामरने नेमकं काय बनवायचं? त्याची यूजर स्टोरी अशी: ‘प्रवासी म्हणून मला तिकीट रद्द करता यावं, म्हणजे पैसे परत मिळतील.’ खरी मेहनत पुढच्या स्वीकृतीच्या अटीत आहे: गाडी सुटायला निदान चार तास असताना 500 रुपयांचं तिकीट रद्द केलं, तर 450 रुपये परतावा दिसावा आणि सीट लगेच विक्रीला खुली व्हावी. टेस्टर हमखास विचारतो, तीन तास एकोणसाठ मिनिटं उरली असतील तर? मूळ कागद गप्प असतो; ग्राहकालाच विचारावं लागतं. चौघांपैकी एकाचंच तिकीट रद्द करणं मात्र वेगळी स्टोरी. ती इथेच कोंबली, की काम कायम ‘जवळजवळ झालं’ असतं.