फॉर्म १०९ आणि थकलेला स्टायपेंड

सीएची आर्टिकलशिप मध्येच सोडून दुसऱ्या फर्ममध्ये जायचे, तर विद्यार्थ्याला जुन्या सरांकडून दोन गोष्टी लागतात. एक म्हणजे थकलेला स्टायपेंड, दुसरी फॉर्म १०९. प्रशिक्षण पूर्ण झाले की फॉर्म १०८ मिळतो. मध्येच करार संपला तर १०९. किती काळ सेवा झाली हे त्यात लिहिलेले असते आणि त्याशिवाय नव्या फर्ममधली नोंदणी अडते. म्हणूनच सही रखडली की मुले घाबरतात आणि पैशांवर पाणी सोडतात.

असे करू नये. फॉर्म हा झालेल्या सेवेचा दाखला आहे, स्टायपेंड हे त्या सेवेचे देणे आहे. एकासाठी दुसरे अडवणे मला सरळ अन्याय वाटतो. मागणीही दोन वेगळ्या पत्रांत किंवा ईमेलमध्ये करावी, म्हणजे पैशाचा वाद चालू राहिला तरी फॉर्मचे काम थांबत नाही.

समजा, पुण्यातली एक मुलगी आर्टिकलशिपच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि तिला महिना ५,००० रुपये ठरले आहेत. जून, जुलै थकले आणि २० ऑगस्टला तिने काम सोडले. दोन महिन्यांचे १०,००० आणि ऑगस्टच्या २० दिवसांचे, ३१ दिवसांच्या हिशेबाने, ३,२२६. एकूण १३,२२६. पत्रात एवढेच लिहावे: “सर, जून ते २० ऑगस्टचा स्टायपेंड १३,२२६ रुपये येणे आहे. कृपया माझ्या खात्यात जमा करावा.” सोबत बँकेचा उतारा जोडावा. स्टायपेंड रेखांकित चेकने किंवा थेट खात्यात द्यायचा असल्याने, कुठल्या महिन्याचा आला आणि कुठला नाही, हे उताऱ्यावरून लगेच कळते. मिळाली नसलेली रक्कम ‘मिळाली’ असे लिहून सही मात्र देऊ नये.

खरी खटपट तारखांची असते. फॉर्म आता संस्थेच्या संकेतस्थळावर भरतात आणि सरांनी मंजूर करायचा असतो. करार संपल्याची तारीख आणि घेतलेली रजा दोघांच्या नोंदीत जुळली पाहिजे. ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झालेली रजा पुढे भरून काढावी लागते. म्हणून परीक्षेच्या रजेचे अर्ज आणि हजेरीची नक्कल सोडण्याआधीच घेऊन ठेवावी. फर्म सोडल्यावर ऑफिसचा ईमेल बंद होतो आणि हे कागद हाती लागत नाहीत.

आधी फोन करावा, मग लेखी आठवण द्यावी. तरीही उत्तर नसेल तर पत्रे, उतारा आणि हजेरी जोडून संस्थेकडे लेखी तक्रार करता येते. तक्रारीत अपमानाच्या गोष्टींआधी करार नोंदल्याची तारीख, काम सोडल्याची तारीख आणि येणे रक्कम लिहावी.