पेन ड्राइव्ह प्रिंटरला लावला, पुढे काय?

आजचा भाग छोटा आहे, कारण तो एका दुपारीच घडलाय. जुलै महिना, रत्नागिरीत पाऊस धो धो, नेट गेलेलं. मारुती मंदिराजवळ काकांचं छोटं ऑफिस आहे, तिथला कॉम्प्युटर दुरुस्तीला गेलेला. उरला फक्त लेझर प्रिंटर, ज्याला पुढे पेन ड्राइव्ह लावायची जागा आहे. काकांना त्याच दिवशी चार कागद हवे होते: सातबारा, ई-आधार, वर्डमधला अर्ज आणि जागेचा एक फोटो. माझ्या खिशात ओटीजी पेन ड्राइव्ह होता. म्हटलं, दोन मिनिटांचं काम. लागला पाऊण तास.

आधी जागा ओळखा. पुढचा चपटा पोर्ट पेन ड्राइव्हचा. मागचा चौकोनीसा पोर्ट कॉम्प्युटरच्या केबलचा. पण पुढे पोर्ट दिसला म्हणजे सगळं छापेल असं नाही हं. काही प्रिंटरांत तो फक्त स्कॅन साठवायला असतो, आणि घरगुती इंकजेटमध्ये बऱ्याचदा फक्त फोटो चालतात.

पेन ड्राइव्ह लावल्यावर स्क्रीनवर काहीच आलं नाही. मी तो लॅपटॉपवर मोठे सिनेमे कॉपी करायला एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केला होता, आणि कित्येक प्रिंटरांना फक्त फॅट३२ वाचता येतं. फॅट३२मध्ये ४ जीबीची एक फाइल मावत नाही, म्हणून आपण बदलतो आणि विसरतो. काकांच्या ड्रॉवरमध्ये जुना ८ जीबीचा ड्राइव्ह सापडला, त्याने काम झालं. लक्षात ठेवा: ड्राइव्हच दिसत नसेल तर दोष फॉरमॅटचा किंवा ड्राइव्हचा, फाइलचा नाही.

आता यादी आली, पण तिच्यात फक्त सातबारा आणि ई-आधार. अर्ज आणि फोटो गायब. "अरे, मोबाइलवर तर दिसतायत!" काका म्हणाले. बरोबर आहे, कारण मोबाइलमध्ये वर्ड उघडणारं ॲप आहे. प्रिंटरमध्ये ते नाही. वर्डच्या फाइलमध्ये फक्त मजकूर आणि सूचना असतात: हा फाँट घ्या, ही ओळ इथे तोडा. ते सगळं मांडायला ॲप लागतं आणि देवनागरी फाँटही. पीडीएफमध्ये प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली असते आणि फाँट सहसा आतच बसवलेला असतो. म्हणून पीडीएफ चालते, जेपीईजी चालते, काही मशिनवर टिफ आणि एक्सपीएससुद्धा. वर्ड, एक्सेल बहुतेक मशिनवर नाहीच.

अर्जासाठी मोबाइलवर वर्ड उघडला, प्रिंटमध्ये जाऊन `Save as PDF` निवडलं, ड्राइव्हवर टाकलं. झालं.

फोटो काकूंच्या आयफोनवरून आला होता, म्हणजे `.heic`. मी आधी हुशारी केली: नाव बदलून `.jpg` केलं. यादीत आला! पण छापताना एरर. नाव बदलल्याने आतला मजकूर बदलत नाही, आणि प्रिंटर यादीसाठी फक्त शेवटची अक्षरं बघतो. मग फोटो एडिटरमध्ये उघडून जेपीईजी म्हणून सेव्ह केला, तेव्हा छापला. पुढच्या फोटोंसाठी आयफोनच्या `Settings`मध्ये `Camera`, मग `Formats`, आणि तिथे `Most Compatible` निवडा. स्क्रीनशॉटलाही हाच त्रास होतो, कारण तो बऱ्याचदा `.png` असतो.

सातबारा लगेच निघाला. ई-आधार मात्र यादीत दिसूनही छापेना. कारण? पासवर्ड. ई-आधारच्या पीडीएफला नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि जन्मवर्ष असा पासवर्ड असतो. आपण तो मोबाइलवर टाकतो, पण इथे प्रिंटरने तो विचारलाच नाही. उपाय पुन्हा तोच: मोबाइलवर पासवर्ड टाकून उघडा, प्रिंट, `Save as PDF`. नवी फाइल बिनपासवर्डची असते, म्हणून काम झाल्यावर ती पेन ड्राइव्हवरून पुसा. सायबरमध्ये छापत असाल तर नक्कीच. एक मर्यादा: अशा नव्या फाइलमधली डिजिटल सही तपासता येत नाही, तेव्हा मूळ फाइल मोबाइलवर ठेवाच.

माझी आता सवय अशी: ड्राइव्ह दिसत नाही तर फॉरमॅट बघतो. ड्राइव्ह दिसतो पण फाइल नाही, तर प्रकार बघतो. फाइल दिसते पण छापत नाही, तर पासवर्ड किंवा खोटं नाव.

काकांनी चारही कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि छत्री घेऊन निघाले. पेन ड्राइव्ह मात्र प्रिंटरलाच विसरले. लाइट लुकलुकायची थांबल्यावर मीच काढला.