घर सगळ्यांचं, मालकी कोणाची?

साताऱ्याजवळच्या एका गावातलं कुटुंब डोळ्यांसमोर आणू. दोन भाऊ, वडिलोपार्जित तीन एकर जिरायत, एकत्र चूल. थोरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. त्याने पगारातून आणि सोसायटीच्या कर्जातून साताऱ्यात प्लॉट घेतला, घर बांधलं. आई त्याच घरात राहिली. धाकट्याची मुलं कॉलेजसाठी तिथेच राहून शिकली. गावी बी-बियाण्याला पैसे लागले की ते इथूनच जात, आणि त्याचा हिशेब कोणी ठेवला नाही. थोरला वारला. त्याने घर आपल्या मुलीच्या नावे मृत्युपत्राने दिलं होतं. आता पुतणे वाटणीचा दावा लावतात आणि म्हणतात, ‘काकांनी हे घर सगळ्यांसाठीच बांधलं होतं. ते कधीच एकत्र कुटुंबाचं झालं आहे.’

कुटुंब काल्पनिक आहे, पण अशा वादाचे दावे आपल्या दिवाणी न्यायालयांना नवे नाहीत. पुतण्यांचं म्हणणं अगदीच निराधार नाही. हिंदू कायद्यात तसा मार्ग खरोखरच आहे. एकत्र कुटुंबातल्या सहदायादाला, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने हक्क असलेल्याला, आपली स्वकष्टार्जित मिळकत स्वखुशीने कुटुंबाच्या समाईक मिळकतीत मिसळता येते. तशी ती मिसळली की तिचं वेगळेपण संपतं, आणि वडिलोपार्जित जमिनीवर जसा सर्वांचा हक्क असतो तसाच तिच्यावरही निर्माण होतो. याला खरेदीखत लागत नाही, बक्षीसपत्रही नाही. बक्षीस घेणाऱ्याने स्वीकारावं लागतं. इथे मालकाची एकतर्फी कृती पुरते, आणि कायद्याच्या नजरेत ते हस्तांतरण नसतंच, हे सर्वोच्च न्यायालयाने 1970 मध्ये दानकराच्या एका खटल्यात स्पष्ट केलं.

नोंदणीकृत कागद लागत नाही, म्हणूनच भांडणाला जागा राहते. मालक हयात नसताना त्याच्या मनात काय होतं हे कसं ठरवायचं?

या प्रश्नाचं उत्तर 1963 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने लक्किरेड्डी कुटुंबाच्या खटल्यात दिलं, आणि ते आजही पाया मानलं जातं. न्यायालयाचं म्हणणं असं: मिळकतीवरचा आपला वेगळा हक्क सोडून देण्याचा स्पष्ट इरादा सिद्ध झाला पाहिजे. घरच्या इतरांना ती वापरू दिली, तिच्या उत्पन्नातून ज्यांना पोसण्याची जबाबदारी नव्हती त्यांनाही पोसलं, वेगळे हिशेब ठेवले नाहीत, एवढ्यावरून हक्क सोडला असं मानता येत नाही. मायेने केलेली गोष्ट म्हणजे कायदेशीर बांधिलकीची कबुली नव्हे. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो. उलटा लागला असता तर भावाच्या मुलांना घरी ठेवून शिकवणाऱ्या प्रत्येकाला आपलं घर जाण्याची भीती बाळगावी लागली असती.

ही कसोटी आपल्या शिक्षकाच्या घराला लावून पाहू. आई राहिली, पुतणे राहिले, गावी पैसे गेले, हिशेब नाही. या चारही गोष्टी माया दाखवतात, हक्कत्याग नाही. सिद्ध करण्याचा भार पुतण्यांवर आहे. कागदाची कडी सापडली नाही, तर मृत्युपत्र उभं राहतं आणि घर मुलीचं.

आता तीच गोष्ट थोडी बदलू. समजा, 2004 मध्ये दोघा भावांनी वाटणीपत्राचा मसुदा केला. त्यात जमिनीबरोबर साताऱ्याचं घरही ‘एकत्र कुटुंबाची मिळकत’ म्हणून लिहिलं, त्यात धाकट्याचा निम्मा हिस्सा दाखवला आणि थोरल्याने समजून-उमजून सही केली. किंवा त्याने तसं प्रतिज्ञापत्र केलं आणि पुढे घरभाडंही कुटुंबाचं उत्पन्न म्हणून दाखवलं. मग चित्र पालटतं. मालकाने स्वतःच, आपला हक्क काय आहे हे ठाऊक असताना, मिळकत सर्वांची म्हणून वागवली, आणि न्यायालय हा इरादा गांभीर्याने घेईल. तो सिद्ध झाला तर मृत्युपत्र फक्त थोरल्याच्या हिश्श्यापुरतं चालेल. निम्मं घर धाकट्याच्या शाखेकडे जाईल. पुढे थोरल्याचं मन बदललं असतं तरी उपयोग नव्हता. एकदा मिसळलेली मिळकत परत आपली एकट्याची म्हणून काढून घेता येत नाही. वाटणीत जो हिस्सा येईल तोच.

सातबाऱ्यावर ‘ए.कु.मॅ.’, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर, अशी नोंद दिसली की अनेकांना वाटतं प्रश्न मिटला. मिटत नाही. महसुली नोंद मालकी ठरवत नाही. ती पुराव्याचा एक धागा होऊ शकते, पण ती कोणाच्या सांगण्यावरून झाली, मालकाला त्याची माहिती होती का, हे तपासावंच लागतं.

पुतण्यांकडे दुसरा एक मार्ग असतो, आणि त्याची या मार्गाशी गल्लत होते. घर मुळातच वडिलोपार्जित जमिनीच्या उत्पन्नातून घेतलं, असं ते म्हणू शकतात. तो मिसळण्याचा प्रश्नच नाही; तिथे घर पहिल्यापासूनच कुटुंबाचं ठरतं. पण जमिनीचं उत्पन्न घर घेण्याइतकं होतं, हे आधी दाखवावं लागतं. तीन एकर जिरायतीतून घरखर्च भागून प्लॉट येतो का? ते दाखवता आलं, तरच घर पगारातून घेतल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मुलीवर येते. एप्रिल 2025 मध्ये कर्नाटकातल्या एका खटल्यात हे दोन्ही मुद्दे एकत्र आले. भावाभावांत वाटणी झाल्यावर एकाने भावाकडूनच जमीन विकत घेतली होती आणि पुढे ती तिऱ्हाइताला विकली. मुलांनी ती एकत्र कुटुंबाची असल्याचा दावा केला. सर्वोच्च न्यायालयाने ती बापाची स्वकष्टार्जित मानून विक्री कायम ठेवली.

बायकांच्या बाबतीत नियम वेगळा आहे. मिसळण्याचा हक्क सहदायादाचा, आणि पत्नी सहदायाद नसते; म्हणून तिला आपली मिळकत अशी समाईक करता येत नाही, असा 1977 चा निर्णय आहे. तिने द्यायची तर रीतसर बक्षीसपत्र करावं. मुलगी मात्र महाराष्ट्रात 1994 पासून आणि देशभर 2005 पासून सहदायाद आहे. लग्न झालेल्या मुलीला भावांच्या बरोबरीने हा अधिकार आला, हे अजून पुष्कळ घरांत पोचलेलं नाही.

काही जण प्राप्तिकर वाचवण्यासाठी मिळकत कुटुंबात टाकतात. तो लाभ केव्हाच बंद झाला. 31 डिसेंबर 1969 नंतर अशी मिसळलेली मिळकत असेल, तर तिचं उत्पन्न मूळ मालकाच्याच उत्पन्नात धरायचं, अशी तरतूद 1961 च्या कायद्यात करण्यात आली. म्हणजे मालकी वाटली जाते आणि कर मात्र तुमच्याच नावावर राहतो.

तेव्हा आपल्या कमाईचं घर असेल, तर खरेदीखत, कर्जाचे हप्ते आणि पगाराच्या पावत्या एकत्र जपून ठेवा. घर खरंच सर्वांचं करायचं असेल, तर तसं स्पष्ट शब्दांत लिहा, वकिलाकडून तपासून घ्या आणि मुलांना सांगा. करायचं नसेल, तर वाटणीच्या कोणत्याही कागदावर सही करण्याआधी त्यात आपल्या घराचा उल्लेख आहे का, ते वाचून पाहा.