७३ला जागा कुठे?

फळ्यावर काढलेल्या एका हॅश टेबलचा फोटो समोर आहे. ० ते ९ असे दहा खाने आहेत. ३ मध्ये ४३, ४ मध्ये ६४, ५ मध्ये २५, ९ मध्ये ८९, बाकी रिकामे. नियम सोपा आहे: आकड्याला दहाने भागायचं आणि जी बाकी उरेल तो त्याचा खाना. हाच इथला हॅश. आता यात ७३, १६ आणि ९९ घालायचे आहेत.

७३चा खाना ३, पण तिथे ४३ बसलेला. ही झाली टक्कर. लिनिअर प्रोबिंगमध्ये अशा वेळी पुढचा खाना बघायचा. ४ भरलेला, ५ भरलेला, ६ रिकामा, म्हणून ७३ सहाव्यात. मग १६ येतो. सहावा खाना हक्काने त्याचा, पण तिथे आता ७३ आहे. १६ सातव्यात सरकतो. ७३ आणि १६ यांची बाकी वेगळी, तरी एकाच्या टकरीची झळ दुसऱ्याला लागली. या पद्धतीचं खरं दुखणं हेच. भरलेल्या खान्यांची सलग रांग जितकी लांब, तितके नवे आकडे तिच्यात अडकतात आणि ती आणखी लांबते. ९९ला नववा खाना मिळत नाही. तो वळसा घेऊन शून्यात जातो. हा वळसा विद्यार्थी हमखास विसरतात.

चेनिंगमध्ये प्रत्येक खान्याला एक साखळी असते. ७३ तिसऱ्या खान्यातच ४३च्या मागे जोडला जातो, ९९ नवव्यात ८९च्या मागे, आणि १६ला त्याचा सहावा खाना मोकळाच मिळतो.

आता टेबलात नसलेला ३३ शोधू. प्रोबिंगमध्ये ३ पासून ७ पर्यंतचे खाने तपासून आठवा रिकामा दिसला की मगच ‘नाही’ म्हणता येतं. चेनिंगमध्ये ४३ आणि ७३ पाहिले की काम संपलं.

काढून टाकताना तर आणखी जपावं लागतं. प्रोबिंगच्या टेबलातून ६४ काढून चौथा खाना कोरा ठेवला, तर ७३चा शोध तिथेच थांबेल आणि असलेला आकडा ‘नाही’ ठरेल. म्हणून तिथे ‘काढलेला’ अशी खूण ठेवतात. फोटोत खाना कोरा आहे की त्यावर फुली आहे, हे आधी पाहावं ते यासाठीच.

डोनाल्ड कनुथ यांनी १९६३ मध्ये लिनिअर प्रोबिंगचं गणित मांडलं. त्यानुसार मोठं टेबल निम्मं भरलेलं असताना नसलेला आकडा शोधायला सरासरी अडीच खाने बघावे लागतात, नव्वद टक्के भरल्यावर सुमारे पन्नास. चेनिंगमध्ये तेवढ्याच भरतीला सरासरी एकाहून कमी तुलना पुरते. तरीही टेबल निम्म्याच्या आसपास राखता येत असेल तर मी प्रोबिंगच निवडेन: शेजारचे खाने मेमरीतही शेजारी असतात आणि प्रोसेसर ते एकदमच उचलतो, तर साखळीची पुढची कडी मेमरीत कुठेही असू शकते.