थेट जोडणी की साठवलेली प्रत?

समजा, एका दुकानसाखळीच्या बिलांच्या डेटाबेसमध्ये 4 कोटी ओळी आहेत. त्यावर टॅब्लोमध्ये 8 तक्त्यांचा डॅशबोर्ड केला आणि जोडणी लाइव्ह ठेवली. सकाळी 10 वाजता 20 व्यवस्थापकांनी तो उघडला, की साधारण 160 प्रश्न त्याच डेटाबेसवर जाऊन आदळतात. फिल्टर बदलला, की पुन्हा नवे प्रश्न. तिकडे काउंटरवर बिल निघायला वेळ लागतो, रांग वाढते.

इथे एक्स्ट्रॅक्ट कामी येतो. टॅब्लो माहितीची प्रत `.hyper` फाइलमध्ये साठवतो आणि सगळे प्रश्न तिलाच विचारतो. डेटाबेसवर भार पडतो तो फक्त रात्रीच्या रिफ्रेशचा. कालपर्यंतची विक्री पाहायची असेल, तर एवढं पुरतं. पण आत्ता गोदामात किती माल शिल्लक आहे, हे पाहायचं तर लाइव्हच हवं; तेवढा तक्ता वेगळा ठेवावा.

रोज 4 कोटी ओळी उचलणं जड जातं, म्हणून अनेक जण बिल क्रमांकावर इन्क्रिमेंटल रिफ्रेश लावतात. त्यात फक्त नव्या ओळी जोडल्या जातात. गेल्या आठवड्यातलं बिल आज रद्द झालं, तरी प्रतीत ते विक्री म्हणूनच राहतं. महिन्याची बेरीज मूळ डेटाबेसशी ताडून पाहिली, की फरक लगेच दिसतो. यावर उपाय म्हणजे दर रविवारी पूर्ण रिफ्रेश. शिवाय तक्त्याच्या शीर्षकात माहिती ताजी केल्याची वेळ टाकावी, म्हणजे शिळा आकडा आजचा म्हणून कुणी वाचणार नाही.