फोटोतला स्क्रू गेज आणि हरवलेला अर्धा मिलिमीटर

स्क्रू गेजमध्ये पकडलेल्या तांब्याच्या तारेचा फोटो समोर आहे. या गेजचं फिरतं टोपण एका फेऱ्यात अर्धा मिलिमीटर सरकतं आणि त्यावर ५० भाग आहेत. म्हणजे एक भाग ०.०१ मिलिमीटरचा.

आधी टोपणाच्या कडेबाहेर सरळ पट्टीवर काय उघडं आहे ते पाहायचं. आडव्या रेषेच्या वर १ची खूण दिसते. बहुतेक जण इथेच थांबतात आणि फसतात. रेषेखाली अर्ध्या मिलिमीटरची खूणही उघडी आहे, म्हणून १.५. टोपणावरचा १२वा भाग आडव्या रेषेशी जुळतो, म्हणून आणखी ०.१२. वाचन १.६२.

मात्र अर्ध्याची खूण जेमतेम डोकावत असेल आणि टोपणावर ४८ असेल, तर ती धरू नका. शून्य अजून रेषेपर्यंत पोचलेलं नाही.

आता दुसरा फोटो हवाच: तार काढून जबडे मिटलेले. त्यात शून्य रेषेच्या पुढे निघून गेलंय आणि रेषेवर ४७ आहे. म्हणजे गेज ३ भाग कमी दाखवतो. त्रुटी उणे ०.०३. ती वजा करायची, आणि उणे वजा केलं की बेरीज होते. तारेची खरी जाडी १.६५ मिलिमीटर. मिटलेल्या गेजवर ३ आलं असतं, तर उत्तर १.५९.

फोटो तिरका असेल तर जुळलेला भाग एखाद्या घराने चुकतो. तो पुन्हा समोरून काढावा.